घरमालकांना भाडेवाढीबद्दल पत्र लिहिताना शेजारचे आकडे कसे मांडावेत

प्रश्न: आम्ही जुळे सोलापुरात तीन वर्षं भाड्याने राहतो. दोन बेडरूमचा फ्लॅट, तिसरा म्हणजे वरचाच मजला, लिफ्ट नाही. भाडं ९,००० आणि मेन्टेनन्स वेगळा. करार ३१ जुलैला संपतोय, आणि मालक पुढच्या करारात ११,५०० मागतायत. आजूबाजूला याहून कमी भाड्यात फ्लॅट मिळतायत असं ऐकतो. मालक वयस्क आहेत, संबंध चांगले आहेत. त्यांना न दुखावता, पण आकडे देऊन पत्र कसं लिहू?

उत्तर:

पत्राला हात लावण्याआधी जुना करार काढून शेवटची पानं वाचा. बऱ्याच करारांत 'नूतनीकरण झाल्यास भाडं अमुक टक्के वाढेल' अशी ओळ असते आणि सही करताना ती कोणीच नीट वाचत नाही. तशी ओळ असेल तर शेजारच्या फ्लॅटचे आकडे गोळा करण्याची गरजच पडणार नाही. 'काका, करारात दहा टक्के लिहिलं आहे, त्याप्रमाणे ९,९०० होतात' एवढं सांगून विषय मिटू शकतो. ती ओळ नसेल तर पुढचं वाचा.

मी सोलापुरात भाडेकरार करून देतो. दर वर्षी मे-जूनमध्ये अशी पत्रं घेऊन लोक माझ्याकडे येतात, आणि निम्म्या पत्रांत एक वाक्य हमखास असतं: 'कायद्याप्रमाणे वर्षाला चार टक्क्यांपेक्षा जास्त वाढ करता येत नाही.' हे वाक्य लिहू नका. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ मध्ये चार टक्क्यांची तरतूद आहे हे खरं, पण ती जुन्या, कायद्याने संरक्षित भाडेकरूंसाठी आहे. नवी पेठ, साखर पेठ अशा भागांत काही वाड्यांमध्ये अजून असे लोक राहतात. तुमचा करार अकरा महिन्यांचा, लिव्ह अँड लायसन्सचा. त्याची मुदत संपली की पुढचं भाडं दोघांच्या संमतीनेच ठरतं. मालकांच्या ओळखीत एखादा वकील असेल तर तुमचं ते वाक्य दोन मिनिटांत खोटं ठरेल, आणि मग पत्रातले खरे आकडेही ते संशयानेच वाचतील. त्याच कायद्याच्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर घर सोडलं नाही, तर मालक ठरलेल्या भाड्याच्या दुप्पट रक्कम मागू शकतात. म्हणून बोलणी ३१ जुलैच्या पुढे जाऊ देऊ नका. पत्र जूनच्या पहिल्या पंधरवड्यात त्यांच्या हातात पडायला हवं.

आता मुख्य काम, शेजारच्या फ्लॅटचे आकडे. पाटीवरचा किंवा मोबाईलवर दिसणारा आकडा हा मागितलेला आकडा असतो, तर तुम्हाला ठरलेला आकडा हवा असतो. त्या दोन्हींत हजार-दीड हजारांचा फरक मी नेहमी पाहतो. काही वर्षांपूर्वी एका माणसाने माझ्या समोरच आपल्या मालकांना जाहिरातींतले चार आकडे दाखवले. मालकांनी तिथल्या तिथे चारही ठिकाणी फोन लावले. दोन फ्लॅट महिनाभरापूर्वीच गेले होते. एकाचा फोन एजंटाने उचलला आणि तो दुसराच फ्लॅट सांगायला लागला. चौथा फ्लॅट खरा निघाला, पण तो एकाच बेडरूमचा होता. ते पत्र मीच तपासून दिलं होतं, आणि आकडे कुठून आणलेत हे मी विचारलं नव्हतं. तेव्हापासून आकडे पाहण्याआधी मी तोच प्रश्न विचारतो.

ठरलेला आकडा मिळवायला चार-पाच संध्याकाळी फिरावं लागतं. गेल्या सहा-आठ महिन्यांत राहायला आलेलं कुटुंब, बिल्डिंगचा वॉचमन, सोसायटीचे सचिव, खालचा किराणावाला, असं विचारत जा. प्रत्येक फ्लॅटच्या बाबतीत पाच गोष्टी वहीत टिपा: भाडं किती ठरलं, मेन्टेनन्स त्यात धरलाय की वेगळा, डिपॉझिट किती, कितवा मजला, आणि राहायला कोणत्या महिन्यात आले. कार्पेट एरिया समजला तर उत्तम. लोक बहुतेक वेळा बिल्टअप सांगतात, आणि ८५० चौरस फूट म्हणून सांगितलेला फ्लॅट आत मोजला की साडेसहाशेचा निघतो. खोल्यांची मापं स्वतः पाहिली नसतील तर चौरस फुटांवर भाडं काढण्याच्या भानगडीत पडू नका.

सोलापुरात आणखी दोन गोष्टी टिपाव्या लागतात. पहिली पाण्याची. नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे खालची टाकी किती मोठी आहे, बोअर आहे का, उन्हाळ्यात टँकर मागवला तर त्याचे पैसे कोण देतं, यावर एकाच गल्लीतल्या दोन बिल्डिंगच्या भाड्यात फरक पडतो. दुसरी वरच्या मजल्याची. एप्रिल-मेमध्ये स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री अकरापर्यंत खोली भट्टीसारखी राहते, हे इथल्या प्रत्येक मालकाला ठाऊक आहे. पण त्याची किंमत किती, हे तुम्ही मनाने ठरवू नका. तुमच्याच बिल्डिंगमध्ये खालच्या मजल्यावरचा तेवढाच फ्लॅट अलीकडे किती रुपयांना गेला ते पाहा. तो तुमचा सगळ्यात मजबूत आकडा, कारण बिल्डिंग तीच, पाणी तेच, रस्ता तोच, फरक फक्त मजल्याचा.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. गेल्या वर्षी सैफुल भागातल्या एक बाई माझ्याकडे आल्या. परिस्थिती जवळपास तुमच्यासारखीच: वरचा मजला, लिफ्ट नाही, भाडं ९,५०० आणि मेन्टेनन्स ५०० वेगळा, डिपॉझिट ३०,०००. मालक १२,००० मागत होते. बाईंनी सहा फ्लॅटची माहिती आणली होती. त्यातले दोन मी लगेच काढले. एक पेठेतला जुन्या भाडेकरूचा होता, भाडं जेमतेम काहीशे रुपये, त्याची इथे तुलनाच होत नाही. दुसऱ्याची फक्त पाटी पाहिली होती, आत कोणी राहायला आलं नव्हतं.

उरले चार. पहिला त्यांच्याच बिल्डिंगमधला, पहिल्या मजल्यावरचा, मार्चमध्ये १०,००० ला गेलेला, मेन्टेनन्स वेगळा. दुसरा शेजारच्या बिल्डिंगमधला, लिफ्ट असलेला, १०,५००, पण त्यात ६०० चा मेन्टेनन्स धरलेला. म्हणजे नुसतं भाडं ९,९००. तिसरा मागच्या गल्लीतला, दुसरा मजला, भाडं फक्त ९,२००. बाई याच आकड्यावर खूश होत्या. पण त्याचं डिपॉझिट एक लाख होतं. बाईंच्या डिपॉझिटपेक्षा ते ७०,००० ने जास्त. ते पैसे बँकेत सहा टक्क्यांनी ठेवले असते तर वर्षाला ४,२०० मिळाले असते, म्हणजे महिन्याला ३५०. तेवढे भाड्यात मिळवले की खरा आकडा ९,५५० होतो. ही बेरीज आपण केली नाही तर मालक करतात, आणि मग आपण काही लपवत होतो असं दिसतं.

चौथा फ्लॅट मुख्य रस्त्यावरचा, १२,५०० ला गेलेला. बाईंना तो पत्रात नकोच होता. मी म्हटलं, हाच सगळ्यात आधी घाला. मालकांच्या डोक्यात १२,००० चा आकडा कुठून आला असेल? याच फ्लॅटवरून. तो त्यांच्या व्याह्यांच्या ओळखीतला निघाला. त्या फ्लॅटला लिफ्ट होती, झाकलेलं पार्किंग होतं, दोन्ही बेडरूमला एसी, मॉड्युलर किचन आणि भिंतीतली कपाटं होती. पत्रात तो नसता, तर वाचताना मालकांच्या मनात सारखा तोच आला असता. पत्रात आला आणि फरकही लिहिला, तेव्हा तुलनेची किल्ली बाईंच्या हातात आली.

म्हणजे मिळतेजुळते तीन फ्लॅट ९,५५० ते १०,००० मध्ये बसत होते. त्यांतला १०,००० चा पहिल्या मजल्यावरचा होता, बाईंच्या फ्लॅटपेक्षा थोडा सरस. तरी मी त्यांना १०,००० च देऊ करायला सांगितलं. सगळ्यात खालचा आकडा मागितला की समोरचा माणूस तुम्हाला ताणणारा समजतो. वरच्या टोकाचा दिला की आकडे त्याच्याही बाजूने वाचलेत असं त्याला दिसतं. आणि पत्रात एकच आकडा लिहा. 'साडेनऊ ते दहा' लिहिलं की समोरच्याला फक्त दहा ऐकू येतं आणि बोलणी तिथून वर सुरू होतात.

ते पत्र असं होतं. नावं आणि खुणा काढल्या आहेत.

दि. ६ जून

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

आपण परवा फोनवर पुढच्या करारासाठी १२,००० रुपये भाडं सांगितलंत. त्यावर दोन-तीन दिवस विचार केला आणि आजूबाजूची चौकशीही केली. जे कळलं ते आपल्यापुढे ठेवते आणि भाड्याचा एकदा फेरविचार करावा अशी विनंती करते.

मुख्य रस्त्यावरच्या नव्या इमारतीत दोन बेडरूमचा फ्लॅट १२,५०० ला गेला आहे, हे मलाही कळलं. त्याला लिफ्ट, झाकलेलं पार्किंग, दोन एसी, मॉड्युलर किचन आणि कपाटं आहेत. आपला फ्लॅट वरच्या मजल्यावर, लिफ्टशिवाय आणि रिकामा आहे. त्यामुळे त्याच्याशी तुलना करणं मला बरोबर वाटलं नाही. आपल्या फ्लॅटसारखे, गेल्या सहा महिन्यांत भाड्याने गेलेले तीन फ्लॅट मला सापडले. आपल्याच इमारतीत पहिल्या मजल्यावरचा फ्लॅट मार्चपासून १०,००० ला गेला आहे, मेन्टेनन्स वेगळा. शेजारच्या इमारतीत लिफ्ट असलेला फ्लॅट मेन्टेनन्ससह १०,५०० ला आहे, म्हणजे मेन्टेनन्स वगळता ९,९००. मागच्या गल्लीतला ९,२०० ला आहे, पण त्याचं डिपॉझिट एक लाख आहे. आपल्यासारखं ३०,००० डिपॉझिट धरलं तर तो साधारण ९,५५० चा होतो.

यावरून १ ऑगस्टपासून १०,००० रुपये भाडं आणि मेन्टेनन्स पूर्वीप्रमाणे वेगळा, असं मी सुचवते. आपली हरकत नसेल तर अकराऐवजी बावीस महिन्यांचा करार करू, आणि दुसऱ्या अकरा महिन्यांसाठी वाढ आत्ताच लिहून ठेवू. नोंदणीचा खर्च मी करीन. घराच्या आतल्या रंगाची या वेळी गरज नाही.

तीन वर्षांत भाडं पाच तारखेच्या आत आपल्याला मिळालं आहे आणि पुढेही मिळेल. आपल्याला सोयीची वेळ सांगितली तर मी येऊन भेटेन. काकूंना नमस्कार.

आपली,

इथे संपलं. पूर्ण पत्र एका पानात मावलं. त्यात काय नाही हेही पाहा. 'दुसरं घर बघावं लागेल' हे नाही. मुलांची फी, नवऱ्याची नोकरी, महागाई हेही नाही. आपली अडचण सांगितली की मालकही त्यांची सांगतात, मग आकडे बाजूला राहतात आणि दोन अडचणींची तुलना सुरू होते. शेजारच्या भाडेकरूंची नावं नाहीत, फ्लॅट नंबरही नाहीत. ही काळजी तुम्हीही घ्या. पहिल्या मजल्यावरच्या माणसाने विश्वासाने आकडा सांगितला असेल आणि तुमचे मालक त्याच्या मालकांचे मित्र असतील, तर उद्या त्याच्या घरी वाद होईल. ज्याचा आकडा लिहिणार त्याला आधी विचारा. तो नको म्हणाला तर तो फ्लॅट सोडून द्या.

पत्र व्हॉट्सॲपवर टाकू नका. आधी फोन करा, 'काका, एक पत्र लिहून आणतोय, संध्याकाळी पाच मिनिटं येऊ का?' म्हणा, आणि हातात द्या. समोर बसून त्यांच्याकडून हो म्हणवून घेण्याचा प्रयत्न करू नका. पत्र ठेवा, चहा घ्या, परत या. वयस्क माणूस घरात बोलून, मुलाला फोन करून ठरवतो. घरी आल्यावर पत्राचा फोटो पाठवून ठेवलात तर तारखेची नोंद राहते आणि मुलालाही वाचायला मिळतं.

उत्तर बहुधा दोन प्रकारचं येतं. पहिलं, 'घरपट्टी वाढली, सोसायटीने वर्गणी काढली.' हे खरं असू शकतं, वाद घालू नका. वाढ वर्षाला किती ते विचारा आणि बाराने भागा. वर्षाला ३,००० वाढले असतील तर महिन्याला २५० होतात. तेवढे मान्य करायला हरकत नाही, पण त्यावरून अडीच हजारांची वाढ निघत नाही हे तेव्हा आपोआप दिसतं.

दुसरं उत्तर, 'मला बारा देणारा माणूस तयार आहे.' इथे घाबरून लगेच वर जाऊ नका. बाईंच्या मालकांनी हेच म्हटलं होतं. बाई शांतपणे म्हणाल्या, 'काका, खरंच असेल तर मी अडवणार नाही, फक्त एक हिशेब बघा.' बारा आणि दहा यांत महिन्याला २,००० चा फरक, अकरा महिन्यांचे २२,०००. मध्ये फ्लॅट दीड महिना रिकामा राहिला तर १८,००० गेले. त्यात नव्या माणसासाठी रंग आणि एजंटाचं कमिशन धरलं की बावीस हजार उरत नाहीत. हा हिशेब पत्रात लिहिला तर धमकीसारखा वाचला जातो. त्यांनी विषय काढल्यावर समोर बसून सांगितला तर तो सल्ला होतो. म्हणून तो तोंडीच ठेवा.

मालक १०,५०० वर आले, बाई १०,२०० वर गेल्या, १०,३०० वर ठरलं, आणि दुसऱ्या अकरा महिन्यांसाठी १०,८००. बाईंना दहाच हवे होते. पण तीनशे रुपये देऊन त्यांना बावीस महिन्यांची शांतता मिळाली, आणि तो सौदा मला योग्य वाटला.

कधी पत्र लिहूच नये, तेही सांगतो. आकडे गोळा केल्यावर मिळतेजुळते फ्लॅट ११,००० च्या पुढे निघाले, तर तुम्ही तीन वर्षं बाजारापेक्षा कमी भाडं देत होता. तेव्हा तुमचीच वही मालकांची बाजू मांडते. अशा वेळी आकड्यांचं पत्र न देता भेटून वाढ दोन टप्प्यांत मागावी, आत्ता अर्धी आणि पुढच्या करारात अर्धी. तुमच्या बाबतीत ११,५०० म्हणजे जवळपास अठ्ठावीस टक्के वाढ आहे, त्यामुळे अंतर निघेल असं वाटतं. पण माझ्या वाटण्यावर लिहू नका, फिरून बघा.

ठरलं की नवा करार लगेच नोंदवून घ्या. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत असणं कलम ५५ प्रमाणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकांची आहे, पण खर्च तुम्ही उचललात तर काम लवकर होतं. बाईंच्या बावीस महिन्यांच्या कराराला मुद्रांक शुल्क सहाशेच्या आसपास आलं, महापालिका हद्द म्हणून नोंदणी फी १,०००, वर करार करणाऱ्याची फी. करारात भाडं आणि मेन्टेनन्स वेगवेगळे लिहा, दुसऱ्या टप्प्याचं भाडं रुपयांत लिहा, टक्क्यांत नको, आणि जुनं डिपॉझिट याच करारात पुढे धरलं आहे ही ओळ घाला. ही ओळ घालायची राहिली की घर सोडताना ३०,००० कोणत्या कराराचे यावर अडतं. त्या वेळी जुना करार कोणालाच सापडत नाही.